चिंचोके, टॉवेलची गुंडाळी आणि कथेचा पुढचा भाग

सवयींबद्दल बोलणाऱ्या व्हिडिओंमध्ये आणि लेखांमध्ये हल्ली एक शब्द हमखास भेटतो: टेम्प्टेशन बंडलिंग. सांगणारा पटकन सांगून मोकळा होतो की कंटाळवाण्या कामाला आवडती गोष्ट जोडा, काम होऊन जाईल. ऐकणारा मान डोलावतो, दोन दिवस करून पाहतो आणि सोडून देतो. मीही सोडून दिलं होतं. मग माझ्या मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिच्या व्यायामाच्या निमित्ताने हीच गोष्ट आम्हाला तीन वेळा चुकून चौथ्यांदा नीट करावी लागली आणि तेव्हा तिचे सांधे कुठे असतात ते कळलं. तेच इथे मांडते.

आधी शब्द उलगडू. टेम्प्टेशन म्हणजे मोह, बंडल म्हणजे गठ्ठा. करायला हवं पण नको वाटतं असं एक काम घ्यायचं, हवंहवंसं वाटणारी एक गोष्ट घ्यायची आणि दोन्हींची गाठ अशी मारायची की ती गोष्ट त्या कामाबरोबरच मिळेल, एरवी मिळणार नाही. पुढे मी याला नुसतं ‘गाठ’ म्हणणार आहे. ‘एरवी मिळणार नाही’ हे शब्द तेवढे लक्षात ठेवा, व्हिडिओंमध्ये नेमके तेच गळतात.

चार वाजता तराजू कसा झुकतो

मावशीला दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताईंनी एक कागद दिला होता. टाच खाटेवरून ओढत गुडघा वाकवायचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि पाच अंक मोजेपर्यंत दाबून धरायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. प्रत्येक प्रकार दहा वेळा, मग घरातल्या घरात थोडं चालणं. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं, दिवसातून तीन वेळा. ताईंनी निक्षून सांगितलं होतं की हेच आठवडे महत्त्वाचे, आता गुडघा वाकवला नाही तर आतले व्रण आखडतात आणि मग तो वाकवणं फार अवघड होऊन बसतं.

मावशीला हे सगळं समजत होतं. ऑपरेशनही तिने स्वतः हट्टाने करून घेतलं होतं, कारण तिला जेजुरीच्या पायऱ्या पुन्हा चढायच्या होत्या. तरी रोज दुपारी चार वाजता ती म्हणायची, “अगं, आज जरा राहू दे. रात्री करते.” रात्री अर्थातच राहून जायचं.

याला आळस म्हणून सोडून देऊ नका. चार वाजता तिच्यासमोर जो तराजू होता त्याची पारडी पाहा. एका पारड्यात दुखणं होतं, कंटाळा होता, एकटेपण होतं, आणि हे सगळं आत्ता, याच खाटेवर. दुसऱ्या पारड्यात जेजुरी होती, सहा-आठ महिन्यांपलीकडची. माणसाचं मन लांबच्या गोष्टीचं वजन फार कमी धरतं आणि आत्ताच्या गोष्टीचं फार जास्त. अर्थशास्त्रात याला वर्तमानाचा पक्षपात म्हणतात. सकाळी दहाला चारच्या व्यायामाबद्दल विचारलं तर मावशी मनापासून ‘करणार’ म्हणायची, कारण सकाळी दुखणंही लांब असतं आणि जेजुरीही लांब, दोन्ही पारडी सारखी हलकी. चार वाजले की एकच पारडं एकदम जड होतं.

अशा वेळी आपण काय करतो? लांबच्या पारड्यात आणखी भर घालतो. “मावशी, जेजुरी आठव. नाहीतर पाय आखडेल बघ.” पण लांबच्या पारड्यात कितीही टाकलं तरी ते लांबच राहतं, त्याचं वजन त्याच हिशेबाने कापलं जातं. गाठ वेगळं काही करते. ती आत्ताच्या पारड्यात, दुखण्याच्या समोर, आत्ताच मिळणारी एक गोड गोष्ट ठेवते. मनाचा पक्षपात जात नाही, पण तो आपल्या बाजूने वळवता येतो.

जिममध्ये अडकवून ठेवलेली पुस्तकं

या कल्पनेला नाव दिलं आणि तिची रीतसर परीक्षा घेतली ती केटी मिल्कमन यांनी. त्या अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवतात. विद्यार्थिनी असताना त्यांना व्यायाम नकोसा व्हायचा आणि अभ्यास सोडून कादंबऱ्या वाचाव्याशा वाटायच्या. त्यांनी स्वतःला नियम घातला की उत्कंठा वाढवणाऱ्या कादंबऱ्या फक्त जिममध्येच ऐकायच्या. पुढे ज्युलिया मिन्सन आणि केव्हिन व्होल्प यांच्याबरोबर त्यांनी हाच नियम २२६ लोकांवर तपासला. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

लोकांचे तीन गट केले. पहिल्या गटाला मनपसंत कादंबऱ्या ऐकण्याच्या रूपात मिळाल्या, पण त्या ज्या आयपॉडवर होत्या तो आयपॉड जिममध्येच कुलपात राहायचा. पुढचं प्रकरण ऐकायचं तर जिमला जायलाच हवं. दुसऱ्या गटाला तशाच कादंबऱ्या त्यांच्या स्वतःच्या आयपॉडवर दिल्या आणि सुचवलं की फक्त व्यायाम करतानाच ऐका, कुलूप मात्र नव्हतं. तिसऱ्या गटाला २५ डॉलरचं पुस्तकांच्या दुकानाचं कूपन दिलं, व्यायामाशी त्याचा संबंध नव्हता.

सुरुवातीला कुलूपवाला गट तिसऱ्या गटापेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला गेला आणि सुचवलेला गट २९ टक्के जास्त वेळा. म्हणजे नुसत्या सांगण्याचाही उपयोग होतो, पण कुलपाचा बराच जास्त होतो. मला यातला सगळ्यात बोलका आकडा मात्र शेवटचा वाटतो. प्रयोग संपल्यावर लोकांना विचारलं की पुढेही तुमचा आयपॉड जिममध्येच अडकवून ठेवण्याची सोय हवी का, पैसे भरावे लागतील. ६१ टक्के लोक पैसे मोजायला तयार झाले. स्वतःच्याच आवडत्या गोष्टीवर कुलूप घालून घ्यायला! आपलं मन चार वाजता काय करणार हे माणसाला दहा वाजता माहीत असतं, याचा इतका साधा पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

या आकड्यांना दुसरी बाजूही आहे, ती खाली दिवाळीजवळ येईल.

आधी काम, मग खाऊ: हे तेच नाही का?

“पाढे म्हण, मग खेळायला जा.” आपल्या आज्यांनी हे इतक्या वेळा सांगितलंय की वाटावं, यात नवं काय? डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली: जे करायला आवडतं ते, जे करायला फारसं आवडत नाही त्याचं बक्षीस म्हणून वापरता येतं. त्याला आजीचा नियमच म्हणतात.

पण आजीच्या नियमात बक्षीस कामानंतर येतं, आणि तिथे राखणदार लागतो. पाढे न म्हणता पोरगं सटकू नये म्हणून आजी दारात बसलेली असते. मोठ्या माणसाच्या दारात कोण बसणार? आम्ही पहिल्यांदा हेच केलं होतं. मावशीने व्यायाम केला की मग टीव्हीवरची मालिका, असं ठरवलं. झालं काय, तर मालिका तिच्या वेळेला लागायचीच, घरातले बाकीचे ती बघायचेच आणि मावशी समोरच्या खाटेवर असायचीच. व्यायाम झाला काय, न झाला काय, मालिका मिळायचीच.

गाठीत आनंद कामाच्या नंतर येत नाही, कामाच्या आत येतो. त्यामुळे दोन फरक पडतात. एक म्हणजे ते बक्षीस वीस मिनिटं लांब नसतं, पहिल्याच मिनिटाला सुरू होतं. दुसरं, ते आधीच उचलून खाता येत नाही.

आमचा दुसरा प्रयत्न आत घालण्याचाच होता. व्यायामाच्या वेळी भजनं लावली. मावशीला भजनं फार आवडतात. पण आमच्याकडे सकाळपासून भजनंच चालू असतात. जे दिवसभर फुकट मिळतं ते चार वाजता कुणाला ओढून आणणार? आवड पुरेशी नव्हती, ती गोष्ट एरवी दुर्मीळ असायला हवी होती.

मग काकांनी आठवण करून दिली की मावशीला लग्नाआधीपासून रहस्यकथांचं वेड. डोळे दुखतात म्हणून वाचणं सुटलं होतं. मी एक रहस्यकथा ऐकण्याच्या रूपात मिळवली, साधारण वीस-बावीस मिनिटांचे भाग होते. ती माझ्या जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनवर भरली आणि फोन काकांच्या कपाटात ठेवला. हा कुलपाचा विचार मावशीचाच. ती म्हणाली, “माझ्याजवळ ठेवलास तर मी रात्रीत संपवेन. ह्यांच्याकडे दे.” तिला त्या ६१ टक्क्यांबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

आठवण एकट्या कामाची नाही, दोन्हींची

तिसरी चूक आठवणीची होती. कथा होती, कुलूप होतं, तरी पहिले तीन-चार दिवस चारची वेळ निसटत होती. मावशीच्या फोनवर चारचा गजर होता आणि पडद्यावर एकच शब्द यायचा: “व्यायाम”. नकोशा कामाची नुसती घंटा वाजली की हात आपोआप ती बंद करायला जातो, आणि आठवड्याभरात तो न बघता बंद करायला शिकतो. उलट “कथा” एवढंच लिहिलं असतं तर तिने काकांकडून फोन घेऊन आरामात पडून ऐकली असती. मी आधी दोन वेगळे गजर लावायचा विचार केला होता, चारला व्यायाम आणि चार वाजून पाच मिनिटांनी कथा. तो सोडून दिला ते बरं झालं, कारण दोन घंटा म्हणजे मधोमध सुरी ठेवल्यासारखं आहे, गाठ तिथूनच कापली जाते.

शेवटी एकच आठवण ठेवली. तिच्या फोनवर असं दिसायचं:

“चहाचा कप खाली ठेवला की: खिडकीची खाट, टॉवेलची गुंडाळी, कथेचा भाग ६.”

या एका ओळीत तीन गोष्टी आहेत. पहिली आहे खूण, चहाचा कप खाली ठेवणे. घड्याळाचे चार कधी मागेपुढे होतात, पण आमच्या घरात चहा चुकत नाही. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवलं की काम होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आलेलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे काम. ते ‘व्यायाम’ या भारदस्त शब्दाऐवजी हातात धरता येईल अशा टॉवेलने लिहिलंय. टॉवेल गुंडाळण्याला कुणी नाही म्हणत नाही. तिसरी गोष्ट मोह, तोही आकड्यासकट. ‘भाग ६’ वाचल्याबरोबर पाचव्या भागाच्या शेवटी दार कुणी वाजवलं हे आठवतं. दर भागानंतर मी तो आकडा बदलायचे. त्यामुळे ती आठवण रोज नवी असायची आणि डोळे तिच्यावरून घसरत नव्हते.

आठवणीसाठी फोनच हवा असंही नाही, वस्तूही चालते आणि ती जरा वेगळी दिसणारी असेल तर आणखी चांगली. टॉड रॉजर्स आणि मिल्कमन यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे मला फार आवडतो. एका कॉफीच्या दुकानात गिऱ्हाइकांना पुढच्या गुरुवारी चालेल असं एक डॉलर सवलतीचं कूपन दिलं. काहींना सांगितलं की त्या दिवशी गल्ल्याजवळ परग्रहावरच्या प्राण्याचं एक खेळणं बसलेलं असेल, ते दिसलं की कूपन आठवा. गुरुवारी खेळणं सगळ्यांनाच दिसत होतं. ज्यांना आधी सांगितलं होतं त्यांच्यापैकी २४ टक्के लोकांनी कूपन वापरलं, बाकीच्यांपैकी १७ टक्क्यांनी. खेळणं तेच, फरक फक्त आधी मनात जोडून ठेवण्याचा.

आम्ही जुना फोन ठेवायला एक लाल कापडी पिशवी शिवली आणि टॉवेलची गुंडाळी त्याच पिशवीत. दोन्ही एकाच पिशवीत. फोन काढायचा तर टॉवेल आधी हातात येतो. काका चहा झाला की कपाटातून पिशवी आणून खाटेवर ठेवायचे, तोंडाने काही बोलायचे नाहीत. हे बोलणं टाळणं मला महत्त्वाचं वाटतं. त्याआधी “झाला का व्यायाम?” या प्रश्नावरून दोघांत रोज कुरबुर व्हायची.

काका कॅलेंडरवर दुपारच्या खेपेची फुली मारत होते. गाठीच्या आधीच्या चौदा दुपारी तीन फुल्या होत्या. पिशवी आल्यावरच्या चौदा दुपारी बारा. सकाळच्या आणि रात्रीच्या खेपेला आम्ही हात लावला नाही. सकाळची मुळात चुकत नव्हती आणि रात्रीची दुपारची उधारी थांबल्यावर आपोआप सुधारली.

कान गुंतले, पाय थांबला

आता ज्याच्यामुळे बहुतेक गाठी सुटतात ते सांगते. दुसऱ्याच दिवशी काकांनी मला हळूच खोलीत बोलावलं. कथा चालू होती, मावशी डोळे मिटून ऐकत होती आणि पाय स्वस्थ पडला होता. पाचवेळा टाच ओढून ती सहावी ओढायला विसरली होती. गुंडाळी दाबतानाही तेच, पाच अंक मोजायचे तर कथेतलं वाक्य निसटायचं, वाक्य पकडलं तर मोजणं निसटायचं.

आपलं लक्ष एकाच मोठ्या टाकीसारखं नसतं, वेगवेगळ्या नळांसारखं असतं. हातापायांची हालचाल एका नळावर, शब्द ऐकणं-समजणं दुसऱ्या नळावर. दोन कामं वेगळ्या नळांवर असली तर दोन्ही चालतात: भाजी निवडताना रेडिओ, कपड्यांना इस्त्री करताना गप्पा. दोन्ही एकाच नळावर आली की धार तुटते. मोजणं हे शब्दांचं काम आहे, मनात आपण ‘एक, दोन, तीन’ असं बोलतच असतो. कथा ऐकणंही शब्दांचंच काम.

म्हणून मोजणं शब्दांच्या नळावरून काढून हाताच्या नळावर टाकलं. मावशीच्या डाव्या हाताशी दहा चिंचोके ठेवलेली एक वाटी, उजव्या हाताशी रिकामी वाटी. एकदा टाच ओढली की एक चिंचोका इकडून तिकडे. वाटी रिकामी झाली की दहा झाले. मोजायला नको, विसरायला नको. सारीपाटाच्या दिवसांपासून चिंचोके हाताळलेल्या बोटांना ते जमायला दोन मिनिटंही लागली नाहीत. कथा चालू असतानाच चिंचोक्यांचा टक टक आवाज यायचा आणि तो थांबला की काकांना स्वयंपाकघरातही कळायचं की पाय थांबला.

पाच अंक दाबून धरण्याच्या प्रकाराला मात्र चिंचोकेही पुरेनात. तिथे कथा बंद ठेवून तोंडपाठ नाट्यपदं लावली. तोंडपाठ गाणं कळायला लक्ष लागत नाही आणि त्याच्या ठेक्यावर पाच मात्रा धरता येतात. यातून मला एक फरक कळला. नवी गोष्ट खेचून आणते, पण लक्ष मागते. जुनी, पाठ असलेली गोष्ट लक्ष मागत नाही, पण खेचूनही आणत नाही. म्हणून सुरुवात आणि शेवट कथेचा, मधली पाच मिनिटं पदांची. पदं संपल्यावर कथेचा उरलेला तुकडा मिळणार असल्यामुळे मधली पाच मिनिटंही निभावली जायची.

तुमची गाठ चुकतेय का हे ओळखायची खूण हीच आहे: गोड गोष्ट चालू आहे आणि काम थांबलंय. तसं दिसलं तर मन लावण्याचा उपदेश करू नका, दोन्ही कामं एकाच नळावर नाहीत ना ते पाहा.

जे काम डोक्याचं आहे त्याचं काय?

इथे रास्त आक्षेप येतो. व्यायाम, भांडी, इस्त्री ठीक, पण हिशेब, अभ्यास, पत्रांची उत्तरं? तिथे शब्दांचा नळ कामालाच लागतो. तिथे कथा चालणार नाही, बातम्या तर नाहीच नाही. पण शब्द सोडून इतर सुखं उरतात. एअलेट फिशबाख आणि केटलिन वुली यांनी शाळकरी मुलांना गणितं देताना काहींना संगीत, खाऊ आणि रंगीत पेनं दिली, तर त्या मुलांनी जास्त गणितं सोडवली. माझी एक मैत्रीण महिन्याच्या पावत्या लावायचं काम गच्चीवरच्या झोपाळ्यावर करते, आणि तो झोपाळा त्या दिवसाखेरीज ती वापरत नाही. जागा, वास, चव, कुणाची तरी सोबत, ही सगळी गाठीत बांधता येतात. खाण्याच्या बाबतीत मी जपून राहीन. रोजच्या कामाला रोजचा पेढा बांधला तर काही महिन्यांनी दुसरंच दुखणं येईल.

आणि काही कामांना काहीच बांधू नये. रस्त्याने चालताना दोन्ही कानांत इअरफोन घालून कथा ऐकणं आपल्याकडच्या रहदारीत धोक्याचं आहे. विळीवर बसलेल्या बाईच्या कानात रहस्यकथा नको.

आपल्या बायका जात्यावर हेच करत नव्हत्या का?

मी हे सांगते तेव्हा कुणीतरी हे विचारतंच, आणि विचारायला हवं. पहाटे दळताना गायलेल्या ओव्या ही आपल्याकडची फार मोठी ठेव आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नळांचा हिशेब तर तिथे अगदी चोख बसतो: हात जात्याच्या खुंट्यावर, कंठ ओवीत आणि ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला धरून. मन मोकळं करायला दिवसभरात दुसरी जागा नव्हती, म्हणजे ‘एरवी मिळणार नाही’ हेही होतं.

तरी मी त्याला गाठ म्हणताना थबकते. गाठ मारायची ती टाळता येण्याजोग्या कामाला. दळण टाळता येत नव्हतं, सकाळी घरात भाकरी लागायची. ओवीने बाईला जात्याशी आणलं नाही, तिथे तिला आणलं ते घराने आणि गरजेने. ओवीने तिला तिथे जगवलं. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, सवयींच्या युक्त्यांत तो बसवणं मला बरोबर वाटत नाही.

ही लाच झाली, मुलांना अशी सवय लागली तर?

ही शंका पालकांची, आणि तिला शास्त्रात आधार आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना चित्र काढायला आधीपासूनच आवडत होतं त्यांच्यापैकी काहींना सांगितलं, चित्र काढा म्हणजे प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. बक्षिसाने त्यांची मूळची आवड झाकली गेली.

त्यातून मी एवढंच घेते की जे आधीच आवडतं त्याला गाठ मारू नका. मुलगी स्वतःहून गोष्टीची पुस्तकं वाचत असेल तर वाचनाबरोबर चॉकलेट देऊ नका. पण दात घासणं, दप्तर भरणं, गुडघा वाकवणं, यांत मुळात आवड नसतेच, तेव्हा झाकलं जाण्यासारखं काही नसतं. उलटी भीतीही खरी आहे, की नावडतं काम आवडत्या गोष्टीला विटवेल. काम फार क्लेशाचं असेल तर तसं होईल असं मला वाटतं. पहिल्या आठवड्यात, गुडघा ठणकत असताना, आम्ही कथा सुरू केली नव्हती हे त्या दृष्टीने बरं झालं.

दिवाळी आली आणि गाठ सुटली

आता त्या जिमच्या आकड्यांची दुसरी बाजू. ५१ आणि २९ टक्के हे सुरुवातीचे आकडे. आठवडे गेले तसा परिणाम ओसरत गेला, आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर तो विशेष खाली आला. चार-पाच दिवसांची सुट्टी, दिनक्रम मोडला, परतल्यावर कथेची ओढ थंडावलेली. हा निष्कर्ष अभ्यासातच ठळक लिहिलेला आहे, व्हिडिओंमध्ये तो सांगत नाहीत.

आमच्याकडे दिवाळीला पाहुण्यांनी घर भरलं. चारचा चहा सात-आठ जणांचा झाला, म्हणजे खूणच बदलली. खिडकीच्या खाटेवर मुलं बसलेली. लाल पिशवी कपाटातच राहिली. भाऊबीजेनंतर घर रिकामं झालं तेव्हा मावशीला आठवेना की कथेत पोलीसपाटील मेला होता की नुसता बेपत्ता होता. पुढच्या आठवड्यात सात दुपारी दोनच फुल्या पडल्या.

गाठ एकदा मारून कायमची राहत नाही, प्रत्येक खंडानंतर ती नव्याने मारावी लागते. सणाच्या आधीच ठरवावं की कुठल्या दिवशी पुन्हा बांधायची. आम्ही ते ठरवलं नव्हतं. सावरलं ते असं: जुनी कथा अर्धी सोडून नवी आणली, कारण धागा सुटलेल्या कथेत ओढ उरत नाही. पहिला भाग मी मावशीजवळ बसून तिच्याबरोबर ऐकला, टॉवेलही मीच गुंडाळला. आठवणीची ओळ बदलली, कारण तोवर ताईंनी व्यायामही बदलले होते. पडून करायचे कमी झाले होते आणि व्हरांड्यातल्या फेऱ्या वाढल्या होत्या. फेऱ्यांना चिंचोके लागत नाहीत, भाग संपेपर्यंत चालायचं एवढाच हिशेब. मावशी काठी टेकत चालायची, फोन पदराच्या टोकाला लाल पिशवीत बांधलेला.

नंतरचा एक मोठा अभ्यास याबाबतीत थोडा धीर देतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका जिम-साखळीचे ६,७९२ सभासद होते. यावेळी कुलूप नव्हतंच, फुकट ऐकायचं पुस्तक दिलं आणि गाठ कशी मारायची ते शिकवलं. आठवड्यात निदान एकदा व्यायाम होण्याची शक्यता १० ते १४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे कुलपाच्या मानाने परिणाम लहान, पण तो चार आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यावरही सतरा आठवड्यांपर्यंत दिसत होता. आणि ज्यांना शिकवणी न देता नुसतं पुस्तक दिलं होतं त्यांच्यातही बराचसा तसाच फरक दिसला. जिमने पुस्तक दिलंय म्हणजे ते जिममध्ये ऐकायचं असणार, हे लोकांनी आपलं आपणच ताडलं असावं.

ताई दर आठवड्याला कोनमापकाने गुडघा मोजायच्या. पहिल्यांदा मोजला तेव्हा तो ७५ अंश वाकत होता, डिसेंबरच्या शेवटी ११०. यातलं किती श्रेय कथेचं आणि किती ताईंच्या हातांचं हे मी सांगू शकत नाही, फुल्या तेवढ्या सांगू शकते. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा मावशी व्हरांड्यात बाराव्या फेरीवर होती. मला पाहून थांबली नाही, हातानेच बस म्हणाली आणि कानाला बोट लावून दाखवलं. भाग संपायला चार मिनिटं होती.